सातव्या माळेचा पेपर

२०२५ च्या शारदीय नवरात्रात एक अडचण होती, जी दरवर्षी येत नाही. घटस्थापना २२ सप्टेंबरला, सोमवारी झाली. तृतीया दोन दिवस आल्यामुळे दसरा थेट २ ऑक्टोबरला गेला आणि उपवासाचे दिवस नवाचे दहा झाले. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ठरली होती २८ सप्टेंबरला, रविवारी, म्हणजे बरोबर सातव्या माळेला. नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये त्या आठवड्यात उपवास करणाऱ्या मुलामुलींची संख्या काही कमी नव्हती. त्यातल्या एकीची ही गोष्ट आहे. तिचं नाव इथे ऋतुजा ठेवते. खरं नाव वेगळं आहे.

ऋतुजा महालातली. वय चोवीस, वजन पन्नास किलो, तब्येत तशी ठणठणीत. घरात घट बसतो, अखंड दिवा असतो, आणि पाचवीत असल्यापासून ती उठता-बसता उपवास करायची. त्या वर्षी तिने पूर्ण नवरात्र धरलं होतं आणि त्याला कारण परीक्षाच होती. घरचा नियम असा : धान्य नाही, साधं मीठ नाही, फक्त सैंधव, आणि दिवसातून एकदाच ताटावर बसून फराळ. दूध, फळं, ताक, चहा याला मोजदाद नाही. अभ्यास नंदनवनातल्या एका अभ्यासिकेत, सकाळी आठ ते रात्री आठ. दहा तास भरले नाहीत तर दिवस वाया गेला, असं तिचं गणित.

मंगळवारी, दुसऱ्या माळेला, तिने सराव पेपर दिला आणि संध्याकाळी उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. मी गृहविज्ञान शिकवत होते. निवृत्तीनंतरही आसपासची मुलं खाण्यापिण्याचं विचारायला येतात. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर तिला नेहमीसारखाच गेला होता. दुसऱ्या पेपरात मात्र, म्हणजे ८० प्रश्नांच्या सीसॅटमध्ये, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात चुकांची रांग लागली होती. चार चुकांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात, त्यामुळे अशी रांग महागात पडते. हा पेपर फक्त पात्रतेचा आहे, ३३ टक्के मिळाले की पुरे. पण त्या रेषेखाली राहिलेल्याचा पहिला पेपर कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो.

तिचा निष्कर्ष तयार होता. “मॅडम, उपवासानं अशक्तपणा आला. सोडू का?”

सोड म्हणणं सोपं होतं. पण तिने घरी संकल्प केलेला, आणि परीक्षेच्या पाच दिवस आधी तो मोडल्याची टोचणी डोक्यात घेऊन बसलेली मुलगी काही चांगला पेपर लिहीत नाही. शिवाय “अशक्तपणा” हा शब्द फार ढोबळ आहे. भूक, झोप, पाणी, चहा, दमट उकाडा, सगळं त्या एकाच पोत्यात भरलं जातं. मी तिला दोन दिवस एक कागद ठेवायला सांगितला. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या होत्या : वेळ, त्या वेळी काय खाल्लं-प्यायलं, आणि वाचताना एखादा परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला की एक बारीक रेघ. बाकी काही नाही. “थकवा दहापैकी किती” असले आकडे मी विचारत नाही, कारण परीक्षेआधी मुलं ते मनाला येईल तसे देतात. परिच्छेद परत वाचावा लागला की नाही, यात मात्र मनाला येईल तसं काही नसतं.

बुधवारचा कागद असा होता. रात्री साडेअकराला झोप. दोन वाजता उठून दिव्यात तेल घालणं आणि काजळी काढणं. काजळी काढताना वात विझू शकते, म्हणून आधी त्या ज्योतीवर दुसरी वात पेटवून ठेवायची, मग पहिली साफ करायची. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि झोप पार उडते. पुन्हा डोळा लागेपर्यंत अडीच-पावणेतीन. साडेचारला उठणं, कारण पहाटेचा अभ्यास. मग आंघोळ, माळ, आरती, काळा म्हणावा इतका कडक चहा. सकाळी आठला अभ्यासिका, तिथे आणखी दोन चहा. साडेअकराला घरून आलेला डबा : साबुदाण्याची खिचडी, चांगली भरगच्च, वर बटाटा. पाचला चहा आणि उपवासाचा चिवडा. रात्री साडेआठला एक पेला दूध आणि केळं.

रेघा दोन ठिकाणी दाटल्या होत्या. एक दुपारी साडेबारा ते अडीच, दुसरी संध्याकाळी पाच ते साडेसहा.

त्या रात्री योगायोगाने तिची आत्या मुक्कामाला आली आणि दिव्याची जबाबदारी तिने घेतली. ऋतुजा अकरा ते साडेपाच सलग झोपली. गुरुवारी खाणं अगदी बुधवारसारखंच होतं, खिचडीसकट. संध्याकाळच्या रेघा जवळजवळ गेल्या. दुपारच्या तशाच राहिल्या.

आत्या आली नसती तर मला हे इतक्या लवकर कळलं नसतं, हे मान्य करायला हवं. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशाने काय झालं याचा पत्ता लागत नाही. इथे एकच बदलली, आणि एका दिवसापुरतं का होईना, चित्र दोन भागांत फुटलं. संध्याकाळची मरगळ अपुऱ्या झोपेची होती, दुपारची खाण्याची. उपवासाला दोष द्यायचाच तर दुपारपुरता.

आता दुपारचं बघू. रात्री साडेआठचं दूध ते सकाळी साडेअकराची खिचडी, मध्ये पंधरा तास नुसता चहा. इतक्या वेळाने माणूस डबा उघडतो तेव्हा सावकाश खात नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नसतात आणि तंतू नावालाच. तो लवकर पचतो, रक्तातली साखर झपकन चढते आणि तशीच उतरते. वर बटाटा, तोही त्याच जातीचा. दुपारी एक ते तीन ही वेळ अशीही सगळ्यांनाच जड जाते, पोटभर जेवलेल्यालाही आणि न जेवलेल्यालाही. त्यावर ही खिचडी. खिचडीत खरा आधार असतो तो दाण्याच्या कुटाचा, पण अभ्यासिकेचा डबा चिकट होऊ नये म्हणून ऋतुजाची आई कूट कमी आणि तूप जास्त घालायची.

तिच्या दिवसभराच्या खाण्यातली प्रथिनं मी ढोबळमानाने मोजली तर पंधरा-सोळा ग्रॅमच्या पुढे जाईनात. पन्नास किलोच्या माणसाला साधारण चाळीस लागतात. दहा दिवस कमी पडल्याने कोणी आजारी पडत नाही, पण पोट भरल्याची भावना टिकवण्याचं काम प्रथिनं करतात. ती नसली की पाच वाजता चिवड्याच्या पाकिटावर हात जातो.

म्हणजे उपाय कमी खाण्याचा नव्हता आणि जास्त खाण्याचाही नव्हता. काय खायचं आणि कधी, एवढाच प्रश्न होता. पण तो सुटणार होता आजीच्या दरबारात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

मला भीती होती की एकभुक्ताचा नियम आड येईल. आजी माझ्यापेक्षा तयार निघाल्या. त्यांच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, काही बायका नवरात्रात धान्यफराळ करायच्या, म्हणजे धान्य आधी भाजून मग शिजवलेलं चालायचं. कोणी नुसतं उठता-बसता करायचं, कोणी दूध-फळांवर राहायचं. ज्याला जे झेपेल ते. “पोट्टी परीक्षा देऊन राहिली, तिला काऊन उपाशी मारता?” असं त्यांनी सुनेलाच ऐकवलं. “उपवास देवीसाठी करून राहिलो आपण, साबुदाण्यासाठी नाही.” ताटावर बसायचं एकदाच, ते कधी बसायचं हे ऋतुजाने ठरवावं, आणि बाकी वेळी दूध, ताक, फळं, भाजलेले दाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू याला हरकत नाही, असा निवाडा झाला. लाडूवर आई जरा अडखळली होती, पण राजगिरा धान्यात धरत नाहीत या मुद्द्यावर तो सुटला. ही चौकट ज्या त्या घराची असते. काही घरांत भगरही चालत नाही, काहींत चहासुद्धा नाही. म्हणून दुसऱ्याच्या घरचा तक्ता उचलून आणण्यात अर्थ नसतो. आधी आपल्या घरी काय चालतं ते ज्याच्या शब्दाला मान आहे त्याच्या तोंडून ऐकून घ्यावं.

शुक्रवारपासून बदललेला दिवस असा होता. सकाळी सहाला आंघोळ-आरतीनंतर मोठा पेला दूध, तीन खजूर आणि मूठभर भाजलेले दाणे. चहा हवाच होता, तो त्यानंतर, उपाशीपोटी नाही. फराळाचं ताट दहा वाजता, आणि त्यात राजगिरा-शिंगाड्याच्या पिठाची दोन थालीपीठं, वाटीभर दाण्याची आमटी, वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर. एक दिवस थालीपीठाऐवजी भगर. साबुदाणा आईला अगदीच करावासा वाटला तर रात्री, दोन घास. दुपारी एकच्या सुमाराला सैंधव आणि जिरं घातलेलं ताक. त्यासोबत मोसंबी किंवा पेरू आणि एक राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी सातला पनीरचे चार-पाच तुकडे तुपात परतून, सोबत रताळं, आणि झोपताना दूध. ही बेरीज चाळीस ग्रॅमच्या वर जाते. चहा दुपारी तीननंतर बंद, कारण चहातल्या कॅफिनचा बराच भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो आणि तिची झोप आधीच कमी होती. एकदम बंद मात्र करू दिला नाही. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने चहा तोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि ते खापर उपवासावर फुटतं.

ताकातल्या सैंधवाबद्दल दोन शब्द. नवरात्रात साधं मीठ बंद झालं की बऱ्याच जणींचं एकूण मीठच बरंच कमी होतं, कारण लोणचं, पापड, भाजी, वरण सगळं गेलेलं असतं. सप्टेंबरअखेरीस नागपुरात पाऊस ओसरता असतो आणि उकाडा घामट. पाणी भरपूर पिऊनही उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर नुसतं पाणी ढोसून ते थांबत नाही, मीठही जायला हवं. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे ते काम तो करतो. ऋतुजाला अशी अंधारी गुरुवारी एकदा आली होती. ताक सुरू केल्यावर पुन्हा आली नाही.

दिव्याचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटला. समईऐवजी काचेची चिमणी असलेला खोलगट पितळी दिवा घरातच माळ्यावर पडून होता. तो काढला, लांब वात घातली. धाकटा भाऊ एकपर्यंत जागाच असतो, त्याने झोपण्याआधी तेल भरायचं आणि काजळी काढायची. वडील पाचला उठतात, ते पुढचं बघतील. ऋतुजाचं नाव यादीतून वगळलं. पहाटे साडेचारचा अभ्यासही बंद केला, झोप अकरा ते साडेपाच. यावर तिने माझ्याशी बरीच हुज्जत घातली. “दीड तास गेला ना मॅडम!” तो दीड तास बुधवारच्या कागदावर संध्याकाळी रेघांच्या रूपाने परत द्यावा लागला होता, हे दाखवल्यावर गप्प झाली, पटलं असं नाही.

अभ्यासाच्या तासांवर मात्र मी हट्ट धरला. दहा तासांचं लक्ष्य सातवर आणायचं. उपवासात मेंदू बंद पडत नाही, पण अंदाज चुकला की माणूस हरतो : दहाचं ठरवून साडेसात झाले तर दिवस हुकल्यासारखा वाटतो आणि रात्री जागून भरपाई सुरू होते. सातचं ठरवून साडेसात झाले तर शांतपणे झोपतो. त्या सात तासांची मांडणीही बदलली. सकाळी सात ते दहा राज्यघटना आणि अर्थव्यवस्था, म्हणजे जिथे डोकं लागतं ते. फराळानंतर अर्धा तास काही नाही; मग चालू घडामोडींच्या स्वतःच्या टिपणांची उजळणी, शक्य तर उभ्याने, अभ्यासिकेच्या गच्चीवर.

इथे एक पेच होता, आणि तो मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा वाटतो. उपवासात दुपारी हलकं काम ठेवा, असं कोणीही सांगेल. पण सीसॅटचा पेपरच दुपारी असतो. सगळा आठवडा दुपारी सोपं काम केलं तर परीक्षेच्या दिवशी शरीराला त्या वेळी उतारे वाचायची सवयच नसते. म्हणून साडेबारा ते अडीच सोडून दिली, आणि तीन ते पाच मात्र राखून ठेवली : रोज त्याच वेळी, खुर्चीत बसून, घड्याळ लावून उतारे. वाईट गेले तरी चालतील, वेळ तीच. आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत जे खायचं, तेच रोज एक ते दोनच्या दरम्यान खायचं. तिच्या बाबतीत ते ताक, लाडू आणि फळ होतं. केंद्राबाहेर काही उपवासाचं मिळेल या भरवशावर राहायचं नाही, कारण तिथे मिळतात तळलेले साबुदाणावडे, आणि पुढे काय होतं ते वर आलंच आहे. परीक्षेच्या दिवशी फराळाचं ताटही नऊच्या आत घरी उरकायचं ठरलं. आरती आई करेल, ऋतुजा फक्त नमस्कार करून निघेल. कोराडीला देवीच्या दर्शनाला जायचा नातेवाइकांचा आग्रह दसऱ्यानंतरवर ढकलला.

हे सगळं बसतंय तोवर बातमी आली. मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत अतिवृष्टी आणि पूर होता, आयोगाने परीक्षा ९ नोव्हेंबरवर ढकलली. ती कळल्यावर ऋतुजाने त्या दिवशी पुन्हा अभ्यासिकेत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत झोपली. मी तिला उठवू नका म्हणाले. ताण उतरला की आठवडाभराची उधारी अशी एकदम वसूल होते.

रविवारी, २८ तारखेला, तिने ठरलेल्या वेळेला दोन्ही सराव पेपर तरीही दिले, डबाही तोच. दुसऱ्या पेपराच्या शेवटच्या भागात चुका मंगळवारपेक्षा कमी होत्या, पण पहिल्या भागापेक्षा जास्तच होत्या. हे खाण्याने झालं, झोपेने, की परीक्षा पुढे गेल्याच्या सुटकेने, हे मी सांगू शकत नाही. तीनही एकदम बदललं होतं. दुपारच्या रेघा मात्र शुक्रवारपासूनच निम्म्यावर आल्या होत्या, परीक्षा पुढे गेल्याची बातमी घरी पोहोचण्याआधी. तेवढ्यापुरतं खाण्याला श्रेय द्यायला हरकत नाही.

हे सगळं निरोगी मुलीपुरतं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा उपवास धरू नये. हात कापणं, थंड घाम, छातीत धडधड, बोलताना शब्द न सापडणं, ही साखर फार खाली गेल्याची खूण असते. तिथे उपवास राहो बाजूला, आधी साखर तोंडात. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या मुलींना पाळीच्या दिवसांत हे जड जातं. आणि दोनदा चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी थांबावं. आजींच्या भाषेत, देवीला उद्यापन दूध-साखरेचंही चालतं.

दसऱ्याचा मुद्दा राहिला, आणि तो लोक विसरतात. दहा दिवस हलकं खाल्लेल्या पोटावर पुरणपोळी, भजी, कढी, आणि वरून आग्रह, असं पारणं झालं की पुढचे दोन दिवस छातीत जळजळ आणि पुस्तकावर पेंग. त्यात दसऱ्याला दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवर गर्दी असते, बऱ्याच अभ्यासिका अर्ध्या दिवसाच्या. त्या दिवशी अभ्यासाची अपेक्षाच ठेवू नये. ऋतुजाच्या घरी पारणं सकाळी मऊ वरण-भात, लिंबू आणि चमचाभर तूप एवढ्यावर केलं, नैवेद्याची पुरणपोळी रात्रीच्या जेवणात अर्धी. अर्धी पोळी उद्यासाठी झाकून ठेवायला आईने नकार दिला, ती भावाने खाल्ली. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, ऋतुजा आठ वाजता अभ्यासिकेत होती आणि तासांचं लक्ष्य तिने स्वतःच आठवर नेलं होतं. दहावर नेऊ का, असं विचारायला मात्र ती त्यानंतरही येत राहिली.